शितलची बदली आणि माझे निःपक्षपाती पत्ते

४ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

हॉस्पिटलची नाइट ड्यूटी संपली. झोप नाही. चहा तिसरा. उद्यापासून एकच घेणार.

आजपासून ही वही. कुणी वाचायची नाही. टॅरो शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या की प्रत्येक रीडिंगची नोंद ठेवा, म्हणजे आपण कुठं चुकतो ते कळतं. मी चुकलेलो नाही. पण नोंद ठेवायला काय जातंय.

कोर्स ऑनलाइन, आठ रविवार. सर्टिफिकेट आलंय. पत्ते अठ्ठ्याहत्तर. बावीस मोठे, छप्पन्न छोटे. छोट्यांत चार घराणी: पेले, तलवारी, काठ्या, नाणी. अख्ख्या शिरूरमध्ये हे एवढं शास्त्रशुद्ध करणारा दुसरा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, नाही. सोपानरावमामांच्या (आमचे वॉर्डमामा, रिटायरमेंटला दोन वर्षं) हरवलेल्या शेळीचं रीडिंग मी केलं तेव्हा 'सैतान' निघाला. त्याला शिंगं असतात. म्हटलं, मामा, शेळी सापडणार. सापडली. मामा म्हणाले, घावली वो, पर मेव्हण्याच्या पातेल्यात घावली, आर्धी. आता पत्ता शेळी किती शिल्लक आहे ते सांगत नाही. सापडली की नाही?

माझे नियम वहीत लिहून ठेवतो. एक, ड्यूटीवर पत्ते नाहीत, हँडओव्हर झाल्यावरच. दोन, एक प्रश्न एकदाच, मनासारखं आलं नाही म्हणून परत काढायचं नाही. तीन, ज्या गोष्टीत आपला स्वतःचा फायदा-तोटा आहे तिचं रीडिंग करायचं नाही. तिसरा नियम मला लागू पडायचा प्रश्नच येत नाही. मी कशातच नसतो.

६ फेब्रुवारी

आमच्या ट्रस्टची दोन हॉस्पिटलं, हे शिरूरचं आणि एक दौंडचं. दौंडला स्टाफ नर्सची एक जागा निघालीय. विनंती बदलीचे अर्ज २० तारखेपर्यंत. नोटीस बोर्डावर लागली ती मी चारदा वाचली. का ते कळलं नाही. अक्षर बारीक असावं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत नीलम सिस्टर 'पुण्याला डोळे तपासायला जाते' म्हणून गेली ती तिकडच्याच हॉस्पिटलला चिकटली. मला कळलं तिच्या स्टेटसवरून! तीन वर्षं एका डब्यात जेवलो. तिच्या जागी माणूस येईपर्यंत मी त्रेचाळीस रात्री एकट्यानं काढल्या, मेल वॉर्ड आणि फीमेल वॉर्ड दोन्ही. त्रेचाळीस. मोजल्यात. एका रात्री दोन्हीकडं एकदम बेल वाजली आणि मी मधल्या पॅसेजमध्ये नुसता उभा राहिलो. कुठं जावं तेच कळेना. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग शितल आली. तिच्या हाताला कसलीही शीर सापडते. सुकलेली म्हातारी असो, लहान पोर असो, एका टोच्यात सुई आत. माझ्या वेळी पेशंटच्या शिरा नेमक्या सरकतात. पेशंट सहकार्य करत नाहीत.

७ फेब्रुवारी

शितलनं स्वतःहून विषय काढला. म्हणाली, दादा, माझे पत्ते काढाल का? दौंडच्या बदलीचं मनात आहे.

चेहरा प्रोफेशनल ठेवला.

तिचं म्हणणं असं. पोरगी प्रांजल, चार वर्षांची, वरवंडला सासूबाईंकडं. नवरा इंद्रजीत कुरकुंभला केमिकल कंपनीत, त्याच्या तिन्ही शिफ्ट. ही इकडं शिरूरला खोली घेऊन. सुट्टीला न्हावरे, चौफुला करत एसटीनं जाते, एक दिवस राहते, परत. मागच्या वेळी प्रांजल तिला 'मावशी' म्हणाली. दौंड झालं तर रोज घरी.

वजाबाकीची बाजू पण आहे. विनंती बदलीत सीनियॉरिटी जाते, तिकडच्या यादीत सगळ्यांच्या खाली नाव लागतं. इथं दोन वर्षांत ती इन्चार्ज होईल, कायमची डे ड्यूटी. तिथं परत पहिल्यापासून नाइट.

हे मी तिला तीनदा समजावलं. केवळ माहिती म्हणून.

मंगळवारी ११ ला रीडिंग ठरलं. संकल्प: मन पाण्यासारखं ठेवायचं. चहा दोनच.

११ फेब्रुवारी, सकाळी १०

रीडिंग झालं. कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलवर, हँडओव्हरनंतर. रुमाल अंथरला.

मॅडमची शिकवण अशी की प्रश्न विचारणाऱ्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा. आणि तो हो-नाहीचा नको, मोकळा हवा. 'काय लक्षात घेऊ' असा. शितल म्हणाली, दादा, माझा प्रश्न जरा वेगळाय, सांगू का? म्हटलं, काही गरज नाही, रीडरला कळतं. मीच चिठ्ठीवर लिहिला: 'शितलने दौंडला अर्ज करावा का?' तिनं चिठ्ठी वाचली, काहीतरी बोलणार होती, मग राहू द्या म्हणाली. वेळ वाचला.

तिनं गड्डी पिसली. मग डाव्या हातानं कापून तीन ढीग, तिच्या मनाला येईल तसे परत एकावर एक. वरचे तीन मी मांडले. पहिला आत्ताची स्थिती, दुसरा अडथळा, तिसरा सल्ला.

पहिला, तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीवर दोन तलवारींची फुली. म्हणजे दोन्हीकडं जीव ओढतोय, ठरत नाही. तंतोतंत! शितलचे डोळे भरले.

दुसरा, नाण्यांची चौकडी. एक माणूस बसलाय. एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायाखाली दाबलेली. हातातलं काही सोडायला तयार नाही. मी सांगितलं, या आपल्या मेट्रनबाई, स्टाफ सोडायला तयार नाहीत. शितल म्हणाली, हा तर बाप्या दिसतोय. म्हटलं, पत्त्यात लिंगभेद नसतो.

तिसरा. तलवारींची छक्की.

वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. त्या पत्त्यावर होडी आहे. होडीत डोक्यावरनं पदर घेतल्यासारखी एक बाई आणि शेजारी एक लहान मूल. नावाडी नेतोय. एका बाजूला पाणी खवळलेलं, पुढं शांत. पुस्तकात अर्थ दिलाय, त्रास मागं टाकून निवांत जागी जाणं.

मी शितलला म्हणालो, बघ, होडीत सहा तलवारी रोवल्यात, म्हणजे तळाला सहा भोकं. बुडणार.

ती म्हणाली, पण पोर शांत बसलंय की दादा.

म्हटलं, त्याला अजून कळलेलं नाही.

खुलाशासाठी एक जादा पत्ता काढता येतो. काढला. काठ्यांची अठ्ठी. आठ काठ्या हवेतून सुसाट. पुस्तकात वेग, प्रवास, लवकर निरोप येणे. मी सांगितलं, चौफुल्याच्या रस्त्यावर ॲक्सिडेंट.

हे मी खोटं बोललो असं कुणी म्हणेल. त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जातात. काळजीपोटी बोललो.

तिनं चारी पत्त्यांचा मोबाईलवर फोटो काढला. फोटो काढू नये असा नियम आजपासून करतोय.

१३ फेब्रुवारी

रात्री बेड नंबर सहाच्या आजोबांना सलाइन लावायचं होतं, माझ्याकडून दोनदा सरकलं. तिनं येऊन लावलं आणि मला म्हणाली, दादा, तुम्ही बसा, मी पहाटे सहाची सगळ्यांची टेंपरेचर घेते. ही असली माणसं दौंडला कशाला पाहिजेत? दौंडला रेल्वे आहे. सगळंच दौंडला पाहिजे का?

दुपारी झोप नाही. विचार केला. अकराचं रीडिंग तांत्रिकदृष्ट्या सदोष होतं. कॅन्टीनचा फॅन चालू होता, पत्ते हलले. सदोष रीडिंग परत करणं म्हणजे एक प्रश्न दोनदा विचारणं नव्हे. ते रिपीट सॅम्पल पाठवण्यासारखं आहे. ब्लड गोठलं तर आपण परत काढतोच की.

चहा पाच. टेन्शन तिच्या भविष्याचं.

१६ फेब्रुवारी

उद्या दुसरं रीडिंग. सोपानरावमामा म्हणाले, ब्रदर, तुमी पत्तं काढू नका तिचं, तुमचं मन त्यात हाय. मी म्हटलं, माझं मन? कसलं मन? ते म्हणाले, ती गेल्यावर रातचं एकटं तुमीच ना वो? माणूस साधा आहे, पण कधी कधी फार अघळपघळ बोलतो.

आज रूमवर गड्डी जरा व्यवस्थित लावून ठेवली. वरती कोसळणारा मनोरा, त्याखाली पाठीत दहा तलवारी घुसलेला माणूस, त्याखाली दोरीनं बांधलेली बाई. लबाडी नाही ही. पेशंट ऐकत नसेल तर डॉक्टर थोडा मोठा आजार सांगतातच.

१७ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

काय सांगू.

मीच पिसतो म्हटलं, तुझे हात रात्रभर कामात. वरवर पिसली, वरचे तीन हलू दिले नाहीत. सगळं ठीक चाललं होतं. मग शितलनं सवयीनं डावा हात पुढं केला आणि गड्डी कापली. तीन ढीग! माझा मनोरा मधल्या ढिगात गेला. तिनं तो सगळ्यात खाली ठेवला. कापू नको म्हणणार तरी कसं? मीच शिकवलेलं.

या वेळी मांडणी बदलली होती. एक, राहिली तर. दोन, गेली तर. तीन, नजरेआड काय.

राहिली तर: पेल्यांची अठ्ठी. आठ पेले नीट रचून ठेवलेत आणि माणूस पाठ फिरवून निघून चाललाय. म्हणजे राहिली तरी मन राहणार नाही. मी सांगितलं, बघ, आठ पेले भरलेले, इथं कशाची कमी नाही.

गेली तर: सूर्य. अख्ख्या गड्डीतला सगळ्यात आनंदी पत्ता. पांढऱ्या घोड्यावर बसलेलं लहान मूल, हात पसरलेले, मागं सूर्यफुलं. शितल पुढं वाकून म्हणाली, अगं बाई, ही तर आमची प्रांजल!

पत्ता सुलटा की उलटा ते रीडरच्या बाजूनं बघतात. समोर बसलेल्याला सगळे उलटेच दिसतात. पण प्रश्न तिचा, म्हणून आज तिच्या बाजूनं वाचायचं असं मी त्या क्षणी ठरवलं. तिच्या बाजूनं सूर्य उलटा. म्हटलं, पोर घोड्यावरनं पडलं. ती म्हणाली, त्या दिवशी तर तुमच्या बाजूनं वाचलं होतं. म्हटलं, प्रत्येक मांडणीची पद्धत वेगळी असते. मग पहिला पत्ता का सुलटा वाचला, हे तिनं विचारलं नाही. बरं झालं.

नजरेआड काय: तलवारींची सत्ती. एक माणूस चवड्यांवर, पाच तलवारी कवेत घेऊन, मागं बघत, हळूच तंबूतून सटकतोय. फसवणूक. अर्थ लपवण्यासारखा नव्हता, सरळ सांगितला. दौंडची माणसं फसवणार.

शितलनं पत्ता उचलला. म्हणाली, लांबची माणसं का जवळची? म्हटलं, दौंडची. मग पत्ता खाली ठेवून तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. म्हणाली, पत्ते राहू द्या दादा. तुमच्या मनाला काय वाटतं ते सांगा ना, मी ऐकीन. जाऊ का?

म्हटलं, माझ्या मनाचा संबंध नाही. पत्ते म्हणतात जाऊ नको.

बरं, म्हणाली. चहाचे पैसे तिनंच दिले.

घरी आल्यापासून चहा तीन. ॲसिडिटीची गोळी घेतली.

१८ फेब्रुवारी

हँडओव्हर झाल्यावर शितल थेट ऑफिसात गेली. दहा मिनिटांत बाहेर आली. माझ्याशी न बोलता गेली.

समजलो. नाव मागं घेतलं. हलकं वाटतंय. तिला काही दिवस वाईट वाटणार, ते समजून घ्यायला हवं. संकल्प: पुढचा महिनाभर आठवड्यातून दोनदा तिच्यासाठी धपाटी आणायची. तिला कॅन्युला (सलाइनची सुई) टाकायला मदत करायची. पत्ते महिनाभर बंद.

२१ फेब्रुवारी

काल मुदत संपली. आता कुणी कुठं जात नाही.

धपाटी नेली. म्हणाली, पोट भरलंय. मामांनी चारही खाल्ली.

२५ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

पेढे.

सोपानरावमामा हातात पेढा घेऊन वॉर्डात आले. म्हणाले, घ्या ब्रदर, शितलबाईची ऑर्डर निघाली, दौंड. एक मार्चला हजर व्हायचंय. मी म्हटलं, कोण शितल? ते म्हणाले, आपल्यात किती हायेत?

एक मार्च. चार दिवस!

विश्वासघात. शुद्ध, दिवसाढवळ्या विश्वासघात! मी तिला भावासारखा. झोप मोडून दोन-दोन रीडिंग केली. ती गप्प राहून माझ्या नाकाखालून ऑर्डर काढते, आणि मला पेढा येतो मामांच्या हातून! नीलमनं निदान स्टेटस तरी टाकलं होतं. तलवारींची सत्ती का निघाली ते आज कळलं. सटकणारी तीच होती. पत्ते खोटं बोलत नाहीत.

मेट्रनबाईंना फोन केला. बदली माणूस? म्हणाल्या, एप्रिलमध्ये बघू. तोवर दोन्ही वॉर्ड तुम्हीच सांभाळा, तुम्हाला अनुभव आहे.

पेढा खाल्ला नाही. दुपारी खाल्ला.

२७ फेब्रुवारी

तिची शेवटची नाइट. एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं. नऊ नंबरच्या पेशंटचं सलाइन निघालं म्हणून बोलावं लागलं.

सकाळी निघताना तिनं माझ्यासाठी सगळ्या पेशंटांची एका कागदावर यादी करून दिली. कुणाची शीर कुठल्या हाताला सापडते, कोणाला कुठली सुई लागते, सगळं. म्हटलं, एवढी काळजी होती तर सांगून जायचं होतंस, पाठीत सुरा कशाला? ती म्हणाली, सांगणारच होते दादा. तुम्ही सांगू दिलं नाहीत. बरं, चहा कमी करा.

आणि पिशवी उचलून स्टँडकडं गेली.

सांगू दिलं नाही म्हणे! वर मलाच.

२८ फेब्रुवारी, दुपारी १

ऑफिसातून बोलावणं. शितलच्या बदलीच्या कागदावर 'चार्ज घेतला' म्हणून नाइटच्या दुसऱ्या स्टाफची सही लागते. मी आल्या आल्या मेट्रनबाईंना सुनावलं. म्हटलं, ही मुलगी मला अंधारात ठेवून गेली, माझा काही विचार नाही केला.

त्यांनी तिचा अर्ज पुढं सरकवला.

अर्जाची तारीख ३० जानेवारी. नोटीस बोर्डावर लागायच्या आधीच जागेचं तिला ऑफिसात कळलं होतं, तेव्हाच तिनं दिलेला. म्हणजे माझ्या पहिल्या रीडिंगच्या बारा दिवस आधी. अर्ज करू का, हा तिचा प्रश्नच नव्हता.

खाली एक रकाना आहे: 'कोणत्या तारखेपासून कार्यमुक्त व्हायचे आहे.' त्यात तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'एक एप्रिल. नाइटचे ब्रदर एकटे पडतात. मागच्या वेळी त्यांना फार त्रास झाला. बदली माणूस येईपर्यंत थांबेन.' त्यावर एक आडवी रेघ. खाली नव्यानं: 'एक मार्च. सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन मार्चमध्ये आहे, मुलीला बघायला कोणी नाही.' सही. तारीख १८ फेब्रुवारी.

मी तो कागद दोनदा वाचला.

मेट्रनबाई म्हणाल्या, बिचारी तीन आठवडे घुटमळत होती. घरी सासू अंथरुणाला खिळणार, पोरगी लहान, आणि इकडं तुमचा जीव. लगेच जाऊ का महिना थांबू, तेवढंच तिचं ठरत नव्हतं. मी म्हटलं, ब्रदरना सरळ विचार. तर म्हणाली, दादांना तोंडावर जाते म्हणवत नाही हो. त्यांना पत्ते काढायला सांगते. ते आपणच वाचतील, आपणच मला जा म्हणतील, मग त्यांना कमी लागेल. आणि त्यांनी मनापासून जा म्हटलं ना, तर मी त्यांच्यासाठी एक महिना थांबेन, सासूबाईंचं बघू काहीतरी. अठराला आली ती डोळे पुसत. म्हणाली, मॅडम, पत्ते जाऊ नको म्हणतात असं दादा सांगतात, तारीख बदलायचीय. मी पुढं खोदून विचारलं नाही.

मी कागदावर सहीची जागा शोधू लागलो.

मग त्यांनी पेन पुढं केलं आणि सहज विचारलं, काय हो ब्रदर, पत्त्यांत खरंच जाऊ नको असं निघालं होतं?

मी म्हणालो, नाही.

दोन्ही वेळा जा निघालं होतं.

सही केली. आठला ड्यूटी आहे.